फोडी, काप आणि ज्युलियन: भाजी एकसारखी चिरली की एकसारखी का शिजते

(सुरीच्या खोक्यासोबत दिलेले माहितीपत्रक. पहिल्यांदा भाजी चिरण्याआधी वाचा.)

नव्याने स्वयंपाकाला लागलेले ग्राहक आमच्याकडे येतात तेव्हा एक तक्रार ठरलेली असते. बटाट्याची भाजी केली, तेल-पाणी बेताचं घातलं, झाकणही ठेवलं, तरी निम्म्या फोडींचा लगदा झाला आणि निम्म्या दाताखाली करकरल्या. दोष गॅसला जातो, नाहीतर बटाट्याला. खरं तर गॅस पेटवायच्या आधीच, चॉपिंग बोर्डवर, ही भाजी बिघडलेली असते.

आत नेमकं काय होतं

कढईतली किंवा पाण्यातली उष्णता फोडीच्या फक्त बाहेरच्या बाजूला लागते. तिथून ती हळूहळू मध्यापर्यंत सरकते. बटाट्याचा गर पाण्याने भरलेला असल्यामुळे हा प्रवास संथ असतो, आणि जाडी वाढली की तो भलताच लांबतो. फोड दुप्पट जाड केली तर मध्यापर्यंत उष्णता पोचायला दुप्पट नाही, साधारण चौपट वेळ लागतो. उकळत्या पाण्यात एक सेंटिमीटरच्या फोडीचा मध्य मिनिट-दीड मिनिटात चांगला तापतो. दोन सेंटिमीटरच्या फोडीला त्यासाठी पाचेक मिनिटं द्यावी लागतात.

नुसतं तापणं म्हणजे शिजणं नव्हे. बटाट्यातला स्टार्च साठ-सत्तर अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतो. भाजीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन मात्र साधारण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या पुढे सैल पडायला लागतं, आणि त्यालाही आणखी काही मिनिटं लागतात. ही मिनिटं लहान-मोठ्या दोन्ही फोडींना सारखीच लागतात. त्यामुळे एकूण हिशेब चौपटीचा राहत नाही. लहान फोड सहा-सात मिनिटांत होते, मोठी दहा-बारा मिनिटांत. पण एकाच कढईत दोन्ही असतील तर मोठी शिजेपर्यंत लहान पाच मिनिटं जास्तीची शिजलेली असते. लगदा होतो तो याच पाच मिनिटांत.

म्हणून फोड मोठी असावी की लहान, हा पसंतीचा प्रश्न आहे. सगळ्या एका मापाच्या असणं हा शिजण्याचा प्रश्न आहे.

फोडी: अर्धा किलो बटाटे, सुरुवातीपासून

मध्यम आकाराचे चार बटाटे घ्या, सोला आणि पाण्यात ठेवा, म्हणजे काळे पडणार नाहीत. परतून करायच्या भाजीसाठी दीड सेंटिमीटरची चौकोनी फोड सोयीची. बोर्डच्या कडेला बॉलपेनने दीड सेंटिमीटरच्या दोन रेघा मारून ठेवल्या तरी चालेल. आठवडाभरात नजर बसते आणि रेघांकडे बघावं लागत नाही.

बटाटा गोल असल्यामुळे तो डगमगतो, आणि डगमगणाऱ्या बटाट्याचे तुकडे कधीच सारखे पडत नाहीत. म्हणून आधी एका बाजूने पातळ काप काढा आणि ती सपाट बाजू खाली टेकवा. बटाटा बसला. आता उभे दीड-दीड सेंटिमीटरचे जाड काप करा. एका बटाट्यातून चारेक निघतात. दोन काप एकावर एक ठेवा, जास्त नकोत, घसरतात. त्यांच्या दीड सेंटिमीटर रुंदीच्या सळ्या करा. सळ्या एकत्र धरून आडव्या कापल्या की फोडी तयार.

डाव्या हाताची बोटं पहिल्या पेरात आत वळवा, अंगठा त्यांच्या मागे ठेवा, आणि सुरीचं पातं मधल्या बोटाच्या पेराला टेकवून चालवा. बोट कापू नये म्हणून हे आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढचा तुकडा किती जाड पडणार हे तेच पेर ठरवतं. बोट मागे सरकेल तेवढाच तुकडा. सुरी वरून दाणकन आपटू नका. टोक बोर्डवर टेकलेलं ठेवून पातं पुढे ढकलत खाली आणा.

बटाट्याच्या गोलसर कडांचे तुकडे चौकोनी होत नाहीत. ते फेकू नका, आणि जबरदस्तीने चौकोनी करण्याच्या नादालाही लागू नका. एका बाजूने पातळ होत गेलेले हे तुकडे लवकर शिजतात. ते वेगळे ठेवून भाजी अर्धी शिजल्यावर घाला, किंवा आमटीत जाऊ द्या. हॉटेलातले आचारी काटेकोर चौकोन पाडतात, कारण त्यांना ताट दिसायला हवं असतं. घरी जाडी सारखी आली की काम झालं.

फोडी निथळून फडक्याने कोरड्या करा, नाहीतर तेलात पडताच पाण्याची वाफ होत राहते आणि रंग येत नाही. मोहरी, हिंग, हळदीच्या फोडणीत टाकून दोन मिनिटं परता, मीठ घाला, पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवून मंद आचेवर बारा-तेरा मिनिटं. तपासताना नेहमी कढईतली सगळ्यात मोठी फोड निवडा आणि चमच्याच्या कडेने दाबा. ती सहज तुटली तर सगळी भाजी झाली. बहुतेक लोक हाताला येईल ती छोटी फोड चाखतात आणि गॅस लवकर बंद करतात.

काप: कांद्यावर शिका

जाडीतला फरक कांद्याइतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. बिर्याणीवर घालायचा तळलेला कांदा करून बघा. कांदा देठापासून मुळापर्यंत उभा अर्धा करा, मुळाकडचा कडक भाग काढा, आणि सपाट बाजू खाली ठेवून देठ-मूळ या दिशेनेच दोन मिलिमीटरचे काप करा. कांद्याचे धागे त्याच दिशेने असतात, त्यामुळे काप तळताना अखंड राहतात. आडवा कापलेला कांदा लवकर मऊ पडून विरघळतो. तो रश्श्याच्या वाटणाला चांगला, इथे नाही.

तेलात टाकल्यावर आधी कांद्यातलं पाणी उडतं, आणि ते संपल्याशिवाय रंग धरत नाही. दोन मिलिमीटरच्या कापातलं पाणी उडून तो बदामी होतो तेव्हा चार मिलिमीटरचा काप अजून पांढरट आणि ओलाच असतो. त्याची वाट बघत थांबलात तर पातळ काप काळे आणि कडू. जाड आधी काढून घ्यावेत म्हटलं तर ते मऊच राहतात. झाऱ्याने निवडत बसायची वेळ येते. शिवाय काप तेलातून बाहेर काढल्यावरही मिनिटभर रंग गडद होत राहतो, म्हणून हवा त्यापेक्षा एक छटा फिका असतानाच काढा.

कापाची दुसरी खोड म्हणजे पाचर. वरून जाड, खाली पातळ. हे होतं कारण सुरी उभी न राहता बाहेरच्या बाजूला कलते. आपण सुरीच्या एका बाजूने डोकावून बघतो, तेव्हा हे हमखास घडतं. डोकं पात्याच्या बरोबर वर आणा. काचऱ्यांच्या भाजीत पाचरीची पातळ कड कुरकुरीत होते आणि जाड बाजू कच्ची राहते. काहींना तेच आवडतं, त्यांच्याशी आमचा वाद नाही.

ज्युलियन

हक्का नूडल्स किंवा स्प्रिंग रोलमध्ये गाजराच्या ज्या बारीक, लांब काड्या असतात त्या ज्युलियन. माप सुमारे तीन मिलिमीटर जाड, तीन रुंद आणि पाच-सहा सेंटिमीटर लांब. गाजराचे आधी पाच सेंटिमीटरचे तुकडे करा. प्रत्येकाची एक बाजू पातळ कापून सपाट करा, ती खाली टेकवून तीन मिलिमीटरचे काप काढा, दोन-तीन काप एकावर एक ठेवून पुन्हा तीन मिलिमीटर अंतराने उभे कापा. कृती बटाट्याचीच, फक्त शेवटचा आडवा छेद नाही.

इथे चुकीला जागा कमी, कारण मोठ्या आचेवर ही भाजी मिनिट-दीड मिनिटच परतायची असते. त्यात दोनचार काड्या दुप्पट जाड असतील तर त्या कच्च्याच खाव्या लागतील. एवढी सवय होईपर्यंत कोशिंबिरीवर हात बसवा. तिथे काहीच शिजायचं नसतं.

एकसारखं म्हणजे सगळ्या भाज्या एकाच मापाच्या, असं नव्हे

मसालेभातात बटाटा, गाजर आणि फ्लॉवर एकत्र घालता तेव्हा हे लक्षात ठेवा. गाजराचा गर बटाट्यापेक्षा चिवट असतो आणि त्याच जाडीला जास्त वेळ घेतो. म्हणून बटाटा दीड सेंटिमीटरचा असेल तर गाजर एक सेंटिमीटरचं करा. फ्लॉवरचे तुरे मोठे ठेवले तरी चालतात, पण जाड दांडा उभा चिरा, नाहीतर तुरा गळेल आणि दांडा तसाच राहील. मटार आपल्या मापाचे येतात, ते शेवटी.

फोडी नीट एकसारख्या असूनही कडक राहिल्या, तर आंबट कधी घातलं ते आठवा. चिंच, आमसूल, टोमॅटो यांच्या आंबटपणात पेक्टिन लवकर सैल होत नाही. चिंचेचा कोळ पडल्यावर बटाटा बराच वेळ उकळला तरी दाताखाली येतो. आधी शिजवा, मग आंबट घाला.

विळी की सुरी, आणि धार

आम्ही सुऱ्या विकतो, पण विळीवर हात बसलेला असेल तर ती सोडू नका. विळीवर पातं स्थिर आणि भाजी हलते, त्यामुळे जाडी दोन्ही हातांच्या अंदाजावर राहते. सरावाच्या हाताला ते जमतं. नवशिक्याला बोर्डवर टेकलेली भाजी सोपी जाते. रोजच्या कामाला अठरा-वीस सेंटिमीटरचं पातं पुरे. लहान सुरीने मोठा बटाटा एका छेदात कापला जात नाही, दोनदा चालवावी लागते आणि मध्ये पायरी पडते.

बोथट सुरीने माप कधीच साधत नाही. ती भाजीत शिरायच्या आधी घसरते, मग आपण जोर लावतो आणि पातं कलतं. धार बघायला पिकलेला टोमॅटो घ्या. जोर न लावता, सुरी नुसती पुढे सरकवल्यावर साल कापली गेली तर ठीक. साल दबून टोमॅटो चेपला तर सुरी धारेला काढा. आमच्याकडून घेतलेली असेल तर वर्तमानपत्रात नीट गुंडाळून दुकानात आणा, आणि तोवर काच किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट चिरणं बंद ठेवा.