TRIM ज्याला हात लावत नाही ती मोकळी जागा: क्रमांक १६० ची पार्श्वभूमी

वेबसाइटवरून किंवा पीडीएफमधून उचललेली यादी एक्सेलमध्ये टाकली, TRIM चालवलं, तरीही VLOOKUP `#N/A` च देतो, ही तक्रार जुनी आहे. सेलच्या शेवटी नॉन-ब्रेकिंग स्पेस बसलेली असते. तिचा क्रमांक १६०, साध्या स्पेसचा ३२. TRIM फक्त ३२ ओळखतं. हे असं का झालं, याची उत्तरं एक्सेलच्या बाहेर, अक्षरांच्या क्रमांकतक्त्यांत सापडतात.

हे चिन्ह मुळात छपाईच्या गरजेतून आलं. ‘१० किमी’ मधला १० एका ओळीच्या शेवटी आणि ‘किमी’ पुढच्या ओळीत जाऊ नये, म्हणून जागा मोकळी दिसेल पण ओळ तिथे तुटणार नाही, अशी सोय हवी होती. आठ बिटांच्या सुरुवातीच्या काही तक्त्यांत वरच्या अर्ध्या भागात ९४ चिन्हांचीच सोय धरलेली असे, त्यामुळे १६० आणि २५५ ही दोन टोकं रिकामी राहत. १९८७ साली लॅटिन-१ हे मानक आलं तेव्हा ही टोकंही वापरात घेतली गेली आणि १६० वर नॉन-ब्रेकिंग स्पेस बसली. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ठरलेल्या मानकात मात्र अक्षरं १६१ पासून सुरू होतात, १६० ची जागा मोकळीच आहे.

एक्सेल पहिल्यांदा १९८५ मध्ये मॅकवर आलं, म्हणजे लॅटिन-१ च्या दोन वर्षं आधी. मॅकच्या तेव्हाच्या तक्त्यात हीच नॉन-ब्रेकिंग स्पेस २०२ वर होती आणि १६० वर खंजिराचं (†) चिन्ह होतं. अशा काळात TRIM ने फक्त ३२ काढायचं ठरवलं, यात चूक काढता येत नाही. पेरोलच्या यादीत कोणी नॉन-ब्रेकिंग स्पेस टाईप करतच नव्हतं.

चित्र बदललं ते वेबमुळे. एचटीएमएलमध्ये ओळीने दहा स्पेस दिल्या तरी ब्राउझर एकच दाखवतो. मग जागा सोडायची तर ` ` लिहायचं, ही सवय १९९० च्या दशकात घट्ट झाली. त्यात भर पडली टेबलांची: तेव्हाचे काही ब्राउझर रिकाम्या चौकटीभोवती रेघच काढत नसत, म्हणून प्रत्येक रिकाम्या चौकटीत एक ` ` टाकलं जाई. ओळ तुटू नये म्हणून जन्मलेलं चिन्ह असं टेबलांत भरणी म्हणून वापरलं गेलं. ज्या सरकारी आणि बँकांच्या पानांवरून आपण आजही तक्ते उचलतो, त्यांतल्या कित्येकांचे साचे याच सवयीचे आहेत.

पीडीएफची गोष्ट वेगळी आहे. तिथे मजकूर म्हणजे पानावर मांडलेले आकार. अनेक फॉन्टांत साधी स्पेस आणि नॉन-ब्रेकिंग स्पेस यांना एकच रिकामा आकार दिलेला असतो. फाइल बनवणारं सॉफ्टवेअर ‘या आकाराचं अक्षर कोणतं’ याची उलटी नोंद ठेवताना दोघांतला एकच क्रमांक निवडतं. निवड १६० ची झाली, तर मूळ मजकुरात एकही नॉन-ब्रेकिंग स्पेस नसताना कॉपी केलेल्या मजकुरातली प्रत्येक स्पेस १६० होऊन येते. शब्दांमधल्यासुद्धा सगळ्या जागा TRIM ला दाद देत नसतील, तर संशय इथे घ्यावा.

आता वादाचा मुद्दा. एक्सेल ९७ पासून युनिकोडवर गेलं. त्या वेळी TRIM ची व्याख्या रुंद करता आली असती. ती केली नाही. मदतपुस्तिकेत ‘हे फंक्शन सात बिटांच्या ३२ क्रमांकासाठी आहे’ अशा अर्थाची टीप आली. टीप प्रामाणिक आहे, पण जबाबदारी वापरणाऱ्यावर ढकलणारी आहे. बचावात दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, जुन्या फाइलींची उत्तरं बदलू नयेत, हे मान्य. दुसरी, नॉन-ब्रेकिंग स्पेस कोणीतरी मुद्दाम टाकलेली असते, म्हणून ती अक्षरासारखी जपावी. दोन शब्दांच्या मध्ये हे खरं असू शकतं. सेलच्या शेवटी, जिच्यापुढे जोडून ठेवायला काहीच नाही, तिथे ती जपण्यात काय हशील?

प्रोग्रॅमिंगच्या भाषांतही एकमत नाही. युनिकोड १६० ला रिकाम्या जागेतच मोजतं. जावास्क्रिप्टमध्ये २००९ च्या मानकापासून आलेलं `trim` ती काढून टाकतं. जावाने मात्र रिकाम्या जागेच्या आपल्या व्याख्येतून न तुटणाऱ्या जागा नावानिशी वगळल्या, आणि २०१८ मध्ये युनिकोड समजणारं म्हणून आलेलं `strip` सुद्धा तीच व्याख्या पाळतं. म्हणजे तोच मजकूर वेबच्या फॉर्ममध्ये स्वच्छ होतो आणि मागच्या सर्व्हरवर तसाच राहतो.

मराठी याद्यांत हा दोष पकडणं आणखी अवघड जातं. A2 मध्ये ‘कोल्हापूर’ आहे असं धरा. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण काना-मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जात असल्याने LEN चं बरोबर उत्तर ९ आहे. शेवटी १६० चिकटलेली असेल तर ते १० येतं, आणि ९ च अपेक्षित होतं हे ठाऊक नसेल तर शंका येण्याचं कारणच नाही. खात्री शेवटच्या चिन्हाचा क्रमांक विचारून होते:

```
=UNICODE(RIGHT(A2,1))
```

उत्तर १६० आलं की प्रश्न मिटला. स्वच्छ सेलमध्ये ‘र’ चा २३५२ यायला हवा. जुनं CODE इथे वापरू नये. विंडोजच्या नेहमीच्या इंग्रजी मांडणीत देवनागरी अक्षराला ते ६३, म्हणजे प्रश्नचिन्हाचा क्रमांक देतं.

UNICODE आणि UNICHAR ही जोडी एक्सेल २०१३ मध्ये आली. त्याआधी CHAR(160) वापरत, आणि तीच फाइल जुन्या मॅकवर उघडली की सूत्र खंजीर शोधत बसे. आता नेहमीचा उपाय असा:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
```

आधी १६० चं ३२ करायचं, मग TRIM. बदल्यात रिकामं `""` दिलं तर ‘संभाजी नगर’ मधली जागाही जाते. रकमांच्या स्तंभात मात्र `""` च द्यावं आणि बाहेरून VALUE लावावं, कारण काही परदेशी तक्त्यांत हजारांचे गट याच चिन्हाने पाडलेले असतात. मजकूर नोटपॅडमधून फिरवून आणण्याची युक्ती कधी चालते, कधी नाही: काही ब्राउझर साधा मजकूर कॉपी करताना १६० चं स्वतःच ३२ करतात, पीडीएफ वाचक तसं करतीलच असं नाही.

या त्रासातून ‘सगळी अदृश्य चिन्हं काढून टाका’ असे तयार मॅक्रोही फिरू लागले आहेत. मराठी मजकुरावर ते चालवू नयेत. ‘र्‍ह’ मधला अर्धा र अनेक फाइलींत ८२०५ क्रमांकाच्या अदृश्य जोडचिन्हाने लिहिलेला असतो. ते गेलं की ‘कर्‍हाड’ चं ‘कर्हाड’ होतं, आणि पुन्हा VLOOKUP जुळत नाही.