हृदयाचा कॅल्शियम स्कोअर: कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नको, हे ठरत नसेल तेव्हा

आमच्या रत्नागिरीच्या सेंटरवर या तपासणीची चिठ्ठी घेऊन येणारे बरेच जण मधल्या गटातले असतात. समजा, 52 वर्षांचे एक आंबा बागायतदार आहेत. छातीत कधी दुखलं नाही, साखर नॉर्मल, बीपी आणि कोलेस्टेरॉल थोडं वर, वडिलांची बायपास झालेली. डॉक्टरांनी हिशेब केला तर पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताचा धोका सुमारे 9 टक्के निघाला. 5 टक्क्यांच्या खाली असता तर गोळीचा विषय निघाला नसता, 20 च्या वर असता तर लगेच सुरू झाली असती. मध्येच अडकलेल्यांसाठी हा स्कोअर आहे.

हा छातीचा सीटी स्कॅन आहे. सुई नाही, रंगद्रव्य नाही. छातीला ईसीजीचे पॅच लावतात, दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायचा, की झालं. चहा-कॉफी मात्र त्या दिवशी आधी नको, कारण ठोके जलद पडले की चित्र हलतं आणि आकडा चुकतो.

हृदयाच्या रक्तवाहिनीत साचलेल्या चरबीच्या थराला वर्षानुवर्षांत चुना, म्हणजेच कॅल्शियम, चढतो. सीटीत तो पांढरा ठिपका दिसतो. ठिपका 6 चौरस मिलिमीटर असेल आणि त्याच्या घनतेला 3 गुण मिळाले (गुण 1 ते 4), तर त्याचे 18. अशी सगळ्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे स्कोअर. हा चुना खाण्यातून येत नाही, त्यामुळे "बांगडा बंद करू का?" याचं उत्तर 'नाही' असंच आहे. सुक्या मासळीतल्या मिठाचं बीपीशी काय जमतं, ते वेगळं.

आपल्या बागायतदारांचा स्कोअर 142 आला असं धरू. 100 च्या वर गेला की डॉक्टर सहसा स्टॅटिनची गोळी सुचवतात, म्हणजे इथे प्रश्न सुटला. 40 आला असता तरी पारडं गोळीकडे झुकलं असतं, कारण या वयाला तेवढाही चुना अपेक्षित नसतो. शून्य आला असता तर काही वर्षं गोळीविना थांबून पुन्हा तपासता आलं असतं. पण मधुमेह असेल, सिगारेट चालू असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर शून्यावर विसंबून गोळी टाळू नये.

शून्य म्हणजे वाहिन्या स्वच्छच, असंही नाही. चुना न चढलेला मऊ थर या स्कॅनला दिसत नाही, आणि चाळिशीच्या आत तोच जास्त असू शकतो. वाहिनी किती टक्के अरुंद झाली, हेही यातून कळत नाही. स्टॅटिन सुरू केल्यावर स्कोअर वाढलेला दिसू शकतो, कारण मऊ थर घट्ट होतो. म्हणून गोळी लागू पडते का, हे बघायला ही तपासणी पुन्हा करत नाहीत.

स्टेंट किंवा बायपास झालेल्यांना याचा उपयोग नाही. छातीत दुखत असेल, चढण चढताना दम लागत असेल, तर आमच्याकडे अपॉइंटमेंट घेऊ नका, थेट हॉस्पिटलात जा.