उत्तराला उत्तर, आणि थांबण्याची जागा

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००३ साली एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसं समोरासमोर बसवली. प्रत्येकाच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर एक पट्टी टेकवलेली होती आणि त्या पट्टीवर समोरच्याने आपल्या बोटाने दाब द्यायचा होता. सूचना एकच: तुमच्या बोटावर जेवढा दाब आला, तेवढाच परत द्या. जास्त नको, कमी नको. समोरच्यालाही हेच सांगितलं आहे, हे मात्र दोघांनाही माहीत नव्हतं.

दाब वाढत गेला. दर पाळीला सरासरी ३८ टक्क्यांनी. नुसता गुणाकार केला तर या वेगाने सात पाळ्यांत दाब साडेनऊ पट होतो. वर दोघेही प्रामाणिकपणे म्हणत होते, मी तेवढाच दिला, वाढवला त्याने.

कुणीच खोटं बोलत नव्हतं. आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा तिच्यातून कोणती संवेदना येणार, याचा अंदाज मेंदूला आधीच असतो आणि तेवढी संवेदना तो वजा करून टाकतो. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्या याच कारणाने. त्यामुळे आपण दिलेला दाब आपल्याला खऱ्यापेक्षा हलका वाटतो, तर दुसऱ्याकडून आलेला पुरता जाणवतो. म्हणून ‘बरोबरीचा’ दाब देताना माणूस नकळत जास्त देतो.

बोटावरचा दाब आणि वादातला शब्द यांची यंत्रणा एकच आहे, असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण लेखी वादात असाच एकतर्फी हिशोब होतो, हे वेगळ्या प्रयोगांतून दिसलं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली काही जणांना वाक्यं दिली, काही सरळ तर काही उपरोधिक. ती एकदा ईमेलने पाठवायची आणि एकदा बोलून सांगायची. समोरच्याला आपला सूर किती वेळा नेमका कळेल? पाठवणाऱ्यांचा अंदाज दोन्हीकडे साधारण ७८ टक्के होता. आवाजातून ऐकणाऱ्यांना तो जवळपास तितकाच कळला. ईमेल वाचणाऱ्यांचं प्रमाण मात्र ५६ टक्के निघालं, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडंसंच बरं. लिहिताना आपल्या डोक्यात आपला आवाज चालू असतो: थोडा मिश्कील, थोडा समजुतीचा. कागदावर किंवा स्क्रीनवर तो उतरत नाही, आणि उतरला नाही हे लिहिणाऱ्याला कळतही नाही. समोरच्याला दिसतात फक्त अक्षरं, आणि त्यांना तो आपल्या मनःस्थितीचा सूर लावतो.

हे एका वादावर घासून पाहू. वाद कल्पित आहे, पण पुण्या-ठाण्यात राहणाऱ्या कुणालाही अनोळखी वाटू नये. मे महिना आहे, सोसायटीत टँकर येतायत, खर्च कसा वाटायचा यावर जुने रहिवासी काका आणि नव्याने राहायला आलेल्या ताई यांच्यात लेखी देवाणघेवाण चालू आहे.

काका: “टँकरचा खर्च सगळ्यांत सारखा वाटावा. वन बीएचके असो की थ्री, पाणी सगळेच वापरतात.”

ताई: “उपविधींत पाण्याचं शुल्क नळांची संख्या आणि त्यांचा आकार बघून लावायचं असं आहे. टँकरचं पाणी त्याच नळांतून येतं ना?”

काका: “तो नियम महापालिकेच्या पाणीपट्टीचा. टँकरचं सभेत ठरवावं लागेल.”

ताई: “तुमच्याकडे तीन बाथरूम आहेत, म्हणून सारखा वाटा हवा आहे. सरळ सांगा ना.”

काका: “तुम्हाला येऊन दोन वर्षं झाली. आम्ही ही सोसायटी उभी केली आहे.”

ताई: “उभी केली म्हणजे मालक झालात का?”

पहिल्या तिन्ही निरोपांत काहीतरी नवं आहे. पहिल्यात मागणी, दुसऱ्यात नियमाचा आधार, तिसऱ्यात तो नियम इथे लागू होतो का, ही खरीखुरी शंका. शिवाय तिसऱ्यातच वादाचा निकाल लागण्याची जागाही सांगितलेली आहे: सभा. चौथ्यापासून टँकरच्या खर्चाबद्दल एक अक्षरही वाढलेलं नाही. माझ्या मते ताईंनी थांबायची जागा तिसऱ्या निरोपानंतर होती. “बरं, सभेपुढे विषय ठेवूया, मी उपविधीतली तरतूद घेऊन येते” एवढं लिहून. आपण बहुतेक जण थांबायचा विचार सहाव्यानंतर करतो, तेव्हा डोकं तापलेलं असतं आणि थांबणं म्हणजे हरणं वाटतं.

तीन निरोप फार लवकर नाही का झाले? याचा अंदाज देणारा एक अभ्यास आहे. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर एक विभाग असा आहे की तिथे लोक आपलं मत मांडून इतरांना सांगतात, माझं मत बदलून दाखवा. ज्याचं मत खरोखर बदलेल, तो बदलवणाऱ्याला एक खूण देतो, ग्रीक डेल्टाची. म्हणजे मत कुणामुळे आणि कधी बदललं याची नोंद आपोआप होते. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा हजारो चर्चा तपासून २०१६ साली निष्कर्ष मांडले. एकच उत्तर देऊन निघून जाण्यापेक्षा थोडं उत्तर-प्रत्युत्तर झालं तर मत बदलण्याची शक्यता वाढते. मात्र पाच फेऱ्या झाल्या की ती जवळजवळ शून्यावर येते. आणि ध्यानात घ्या, ही माणसं मत बदलायची तयारी दाखवून तिथे आलेली होती. सोसायटीच्या वादात तशी तयारी कुणी जाहीर केलेली नसते.

हा आकडा वाचताना एक सावधगिरी हवी. पाचव्या फेरीमुळे मत बदलणं थांबतं, असं यावरून सिद्ध होत नाही. जी माणसं मुळातच हटणार नाहीत त्यांच्याशीच वाद पाच फेऱ्यांपर्यंत पोचतो, असंही असू शकतं. पण आपल्या प्रश्नापुरता दोन्हींचा अर्थ एकच निघतो: इथवर पोचलो आहोत म्हणजे सहाव्या उत्तराने काही साधणार नाही.

फेऱ्या मोजण्यापेक्षा लवकर दिसणारं लक्षणही आहे. विकिपीडियावर लेखाच्या मजकुरावरून संपादक आपसांत चर्चा करतात. त्यांतल्या काही पुढे वैयक्तिक हल्ल्यावर उतरल्या, काही नाहीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी अशा चर्चांचे फक्त पहिले दोन निरोप घेतले, जेव्हा दोन्ही बाजू अजून सभ्यच बोलत होत्या. पुढे बिघडणार का, हे त्यावरून ओळखता येतं का? साध्या माणसांना हे कोडं घातलं तर सुमारे ७२ टक्के वेळा त्यांनी बरोबर ओळखलं. बिघडणाऱ्या चर्चांत सुरुवातीलाच थेट प्रश्नांचा मारा होता आणि वाक्यं ‘तुम्ही’पासून सुरू होत होती. टिकणाऱ्या चर्चांत आभार होते, नमस्कार होता, ‘मला वाटतं’सारखे मोकळीक ठेवणारे शब्द होते. ताईंचा चौथा निरोप आणि काकांचा पाचवा परत वाचा. दोन्हींचा पहिला शब्द पाहा.

मला या अभ्यासातली खरी गंमत वेगळीच वाटते. वाद चिघळणार हे आपल्याला बऱ्यापैकी आधी कळतं. पाठवण्याआधी बोट जिथे घुटमळतं, ती जागा बहुतेक वेळा बरोबर असते. आपण तिचं ऐकत नाही, कारण शेवटचा शब्द समोरच्याचा राहू देणं सोसत नाही.

आता थांबायचं ठरवलं, तर कसं? इथे वर्तनशास्त्रातली दोन जुनी निरीक्षणं उपयोगी पडतात. ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या काळापासून प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलेली आहेत. कळ दाबली की दाणा मिळतो हे शिकलेल्या कबुतराला दाणा देणं अचानक बंद केलं, तर ते लगेच थांबत नाही. बऱ्याचदा आधी ते जास्त जोराने, जास्त वेळा कळ दाबतं. मग हळूहळू सोडून देतं. वादात समोरच्याचं उत्तर हाच दाणा. तिथेही ताई गप्प झाल्या की काकांचे निरोप काही काळ वाढू शकतात: “उत्तर नाही ना? नसणारच!” हे गप्प बसण्याचं अपयश नाही, अपेक्षित टप्पा आहे. पण तो माहीत नसेल तर माणूस नेमका तिथेच कच खातो.

दुसरं निरीक्षण जास्त महत्त्वाचं. ज्या कबुतराला दर वेळी दाणा मिळत होता, ते दाणा बंद झाल्यावर तुलनेने लवकर थांबतं. अधूनमधून, कधी मिळेल याचा भरवसा नसताना ज्याला मिळत होता, ते कितीतरी जास्त वेळ कळ दाबत राहतं. म्हणजे तीन टोमणे गिळून चौथ्याला उत्तर देणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. त्यातून समोरचा एवढंच शिकतो की चार टोमणे लागतात. गप्प बसायचं तर सांगून, आणि मग खरोखर. अर्धवट मौनापेक्षा दर वेळी उत्तर दिलेलं परवडलं.

एवढं वाचून कुणी सगळीकडेच तोंड मिटून बसायचं ठरवेल, तर तेही चूक ठरेल. जर्मनीतल्या फिलिप श्मिड आणि कॉर्नेलिया बेट्श यांनी २०१९ साली लसीकरणासारख्या विषयांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना विज्ञान नाकारणाऱ्याचं म्हणणं ऐकवलं. त्यावर कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा ऐकणाऱ्यांवर सगळ्यांत वाईट परिणाम झाला. वस्तुस्थिती सांगणारं किंवा युक्तिवादातली खोट दाखवणारं उत्तर मिळालं की नुकसान कमी झालं. पण मोजमाप झालं ते ऐकणाऱ्यांच्या मताचं. नाकारणाऱ्याचं मन वळवणं हा त्यात प्रश्नच नव्हता. तेव्हा भोवती वाचणारे असतील आणि चुकीच्या माहितीने कुणाचं खरंच बिघडणार असेल, तर उत्तर द्यावं, त्यांना उद्देशून, आधारासह, एकदा. पाणी उकळायची गरज नाही असं कुणी लिहिलं तर गप्प बसणं हा शहाणपणा नव्हे. त्याच माणसाने “तुम्हाला काय कळतं” म्हटलं, तर त्याला उत्तर द्यायची गरज नाही, कारण वाचणाऱ्यांना हवं ते मिळून गेलेलं असतं.

आणखी एक अडचण राहते, ती एकट्याने सुटत नाही. दाणा फक्त ताईंकडून मिळत नाही. त्या गप्प झाल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कुणी हसण्याचं चिन्ह टाकलं, तिसऱ्याने काकांना दुजोरा दिला, तर काकांच्या दृष्टीने कळ चालूच आहे. अशा वेळी ताईंच्या मौनाने वाद विझेलच असं नाही. त्या त्यातून बाहेर पडतील, एवढंच. वाद विझवायचा तर विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला आहे असं सेक्रेटरींनी सर्वांना कळवावं लागतं, आणि बाकीच्यांनीही तोवर थांबावं लागतं.