खोलीभाडे-निर्धारण (गोव्यातील लहान हॉटेले)

हंगाम, मागणी आणि बुकिंगचा वेग पाहून प्रत्येक रात्रीचे भाडे वेगळे ठरवण्याची पद्धत. गोव्यात ऑक्टोबर ते मार्च हा सीझन असतो आणि नाताळ ते नववर्ष हे त्याचे शिखर. जून ते सप्टेंबर पावसाळ्यात शॅक उतरवलेले असतात, तरी शनिवार-रविवारी आणि 15 ऑगस्टला जोडून सुट्टी आली की मुंबई-पुण्याकडच्या गाड्या येतातच. त्यामुळे हंगामाचा तक्ता आधी करून ठेवता येतो, पण तो सुरुवातीचा अंदाज असतो. खरे काय चालले आहे ते बुकिंगच्या वेगातून, म्हणजे एखाद्या रात्रीच्या किती खोल्या किती दिवस आधी गेल्या यातून कळते.

समजा, मांद्र्यात 12 खोल्यांचे हॉटेल आहे आणि रात्र 28 डिसेंबरची. गेल्या वर्षी ऑक्टोबरअखेर 6,000 रुपये दराने 4 खोल्या गेल्या होत्या आणि डिसेंबरच्या मध्यावर हॉटेल भरले. यंदा त्याच तारखेला, त्याच दराने 8 गेल्या आहेत. उरलेल्या 4 खोल्या विकायला अजून दोन महिने आहेत, म्हणजे दर कमी पडला. तो 7,000 करावा आणि आठवड्यात एखादी खोली गेली तर 7,500.

इथे थांबून हिशेब करावा लागतो. सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्यापुढे 18 टक्के. 7,500 च्या खोलीला पाहुणा 7,875 देतो, 7,600 च्या खोलीला 8,968. मालकाला शंभर जास्त मिळतात, पाहुण्याच्या खिशातून 1,093 जास्त जातात. म्हणून 7,500 वरच राहून किमान तीन रात्रींची अट घालणे बहुधा शहाणपणाचे. मागणी तशीच जोरात असेल तर मधले आकडे सोडून थेट 9,000 वर जावे.

मोठी चूक होते ती वेग मोजताना. त्या 8 खोल्यांतल्या 5 एकाच लग्नाच्या वऱ्हाडाच्या असतील, तर सुट्या पाहुण्यांचा वेग 3 चाच, गेल्या वर्षीपेक्षा कमी. अशा वेळी दर चढवला की बुकिंग गोठते आणि ते दोन-तीन आठवड्यांनी ध्यानात येते. समूहाच्या आणि फुकट रद्द करता येणाऱ्या खोल्या वेगळ्या रकान्यात लिहाव्यात.

पावसाळ्यात प्रश्न तळाचा असतो. खोली लागल्यामुळेच होणारा खर्च (धुलाई, नाश्ता, वीज) समजा 450 आणि पोर्टलचे कमिशन 20 टक्के. 1,500 च्या खोलीतून 750 उरतात, 900 च्या खोलीतून 270. पगार खोली रिकामी राहिली तरी द्यायचेच, म्हणून 900 ही तोट्याची नाही. मात्र पोर्टलवर दिसलेला 900 चा आकडा पाहुणा ऑक्टोबरातही मागतो. त्यापेक्षा दर 1,500 ठेवून तिसरी रात्र अर्ध्या भाड्यात द्यावी.