बेसिस ऑफ एस्टिमेट : भांडवली खर्चाच्या अंदाजाचा आधारलेख

भांडवली प्रकल्पाच्या खर्चाचा आकडा कोणत्या नकाशांवरून, कोणत्या तारखेच्या दरांनी आणि काय गृहीत धरून काढला, हे सांगणाऱ्या लेखी दस्तऐवजाला बेसिस ऑफ एस्टिमेट म्हणतात. मराठीत त्याला आधारलेख म्हणता येईल. कामाच्या बोलण्यात तो ‘बीओई’ असतो. एएसीई इंटरनॅशनल या संस्थेच्या ३४आर-०५ या शिफारशीत त्याची मांडणी दिलेली आहे. अंदाज करणारा माणूस समोर नसतानाही दुसऱ्या जाणकाराला प्रत्येक रकमेचा उगम शोधता यावा, ही त्याची कसोटी होय.

उदाहरणासाठी चाकणजवळच्या एका चालू कारखान्याच्या विस्ताराचा काल्पनिक अंदाज घेऊ. १ एप्रिल २०२५ च्या दरांनी मूळ खर्च ४० कोटी रुपये येतो. त्यात पायासाठी २,००० घनमीटर खोदाई धरली आहे. पुणे परिसरात काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा कठीण खडक असा क्रम सामान्यतः आढळतो, पण खडक किती खोलीवर लागेल हे एकाच प्लॉटच्या दोन टोकांनाही बदलू शकते. शिवाय चालू यंत्रांशेजारी सुरुंग लावता येत नाहीत, ब्रेकरनेच फोडावे लागते, आणि तो दर मातीच्या खोदाईच्या कित्येक पट असतो. म्हणून केवळ ‘खोदाई २,००० घनमीटर’ एवढी नोंद अपुरी ठरते. एकूण परिमाण पायाच्या प्राथमिक नकाशावरून मोजले, तो नकाशा कोणत्या सुधारित आवृत्तीचा होता, त्यातला ८०० घनमीटर कठीण खडक शेजारच्या प्लॉटच्या बोअर अहवालावरून धरला, आणि या प्लॉटवर अजून बोअर झालेले नाहीत, हे सारे लिहिलेले असावे लागते. ज्या पत्रकात बहुतेक परिमाणे शून्यावर संपतात आणि नकाशाचा क्रमांक कुठेच नसतो, तिथे मोजणी झालेली नसून जुन्या कामावरून आकडे उचलले असावेत, असा संशय धरणे रास्त आहे. जुन्या कामाचा आधार घेण्यात गैर काही नाही, मात्र तसे लिहिले पाहिजे.

खडक ८०० ऐवजी १,२०० घनमीटर निघाला, तर तो वाढीव खर्च कंटिन्जन्सीतून, म्हणजे आकस्मिक खर्चाच्या तरतुदीतून भागवायचा असतो. ठरलेल्या कामाच्या आतली अनिश्चितता तिने पेलायची असते आणि ती बहुतांशी खर्च होणार हे धरूनच ठेवलेली असते. मालकाने मागाहून आणखी एक टाकी मागितली, तर तो कामाचा विस्तार झाला. त्याला ही रक्कम वापरू नये. पाइप कापताना वाया जाणारे तुकडे हाही तिचा विषय नव्हे, कारण ती घट ठाऊक असते आणि परिमाणातच धरायची असते. आपल्या उदाहरणात तरतूद १० टक्के, म्हणजे ४ कोटी आहे. हे १० टक्के कोणत्या बाबींच्या जोखमीतून आले याचा हिशेब आधारलेखात नसेल, तर मंजुरीच्या बैठकीत हीच रक्कम पहिल्यांदा छाटली जाते आणि तिचे समर्थन कोणालाच करता येत नाही.

भाववाढ, अर्थात एस्कलेशन, याहून वेगळी असते. मूळ दरांच्या तारखेपासून प्रत्यक्ष खर्चाच्या तारखेपर्यंत दर जितके चढतील, तेवढाच तिचा विषय. काम २४ महिन्यांत संपणार असले, तरी पैसे टप्प्याटप्प्याने जातात. खर्चाचा मध्यबिंदू १५ व्या महिन्यात येतो असे धरू. वार्षिक ६ टक्के वाढीने १५ महिन्यांची वाढ सुमारे ७.५५ टक्के होते. मात्र १५ कोटींच्या यंत्रसामग्रीचे कोटेशन पुरवठ्यापर्यंत पक्क्या भावाचे असेल, तर त्यात पुरवठादाराने आपली भाववाढ आधीच धरलेली असते. ती रक्कम वगळून उरलेले २५ कोटी आणि पुढच्या दरांनीच खर्च होणारी ४ कोटींची कंटिन्जन्सी, अशा २९ कोटींवर भाववाढ लावली की सुमारे २.१९ कोटी येतात आणि एकूण अंदाज ४६.१९ कोटी होतो. हीच वाढ सरसकट ४४ कोटींवर पूर्ण २४ महिन्यांची लावली, तर ती ५.४४ कोटी होते. सव्वातीन कोटींचा हा फरक दिसायला सावधगिरी वाटतो. प्रत्यक्षात ती दुबार मोजणी आहे.

वगळलेल्या बाबींची यादी बहुधा शेवटी आणि घाईत लिहिली जाते. सर्वांत महागड्या चुका तिथेच सापडतात. जमिनीची किंमत, कर्जावरील व्याज, प्लॉटबाहेरून आणायची वीजवाहिनी यांसारख्या बाबी वगळता येतात, पण त्या कोणाच्या अंदाजपत्रकात आहेत हे नोंदवावे लागते. ‘कठीण खडकाची खोदाई वगळली’ हे वाक्य जुन्या दस्तऐवजातून जसेच्या तसे उतरले, तर परिमाणपत्रकातल्या ८०० घनमीटरशी त्याचा उघड विरोध होतो. म्हणून प्रत्येक वगळलेली बाब परिमाणपत्रकाशी ताडून पाहावी. ‘जीएसटी वगळून’ हे दोन शब्दही पुरेसे नाहीत. यंत्रसामग्री आणि तिचा पाया यांवरील कराची वजावट सामान्यतः मिळते. स्वतःच्या वापरासाठी बांधलेल्या कारखान्याच्या इमारतीवरील कराची मिळत नाही. त्यामुळे इमारतीवरचा कर मालकाच्या खिशातून जाणारा खरा खर्च ठरतो, आणि त्याची स्वतंत्र ओळ आधारलेखात असावी लागते.