चल सरासरी आणि एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग (मासिक विक्रीचा अंदाज)

मागील महिन्यांच्या विक्रीवरून पुढील महिन्याची विक्री अजमावण्याच्या दोन पद्धती : चल सरासरी शेवटच्या ठरावीक महिन्यांची सरासरी घेते, तर एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग जुना अंदाज ताज्या विक्रीकडे काही अंशी सरकवते. वाणिज्य व व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत व्यावसायिक संख्याशास्त्राच्या गृहपाठात त्या बहुधा एकत्रच येतात.

चल सरासरीचा उगम एका व्यक्तीच्या नावावर टाकता येत नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर. एच. हूकर यांनी १९०१ मध्ये अशी सरासरी 'तात्कालिक सरासरी' या अर्थाच्या नावाने वापरली. आजचे नाव साधारणतः १९०९ च्या सुमारास जी. उडनी यूल यांच्या लेखनातून रूढ झाले असे मानतात. स्मूदिंगचे श्रेय रॉबर्ट जी. ब्राऊन व चार्ल्स होल्ट या दोघांनाही दिले जाते. ब्राऊन यांनी दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या सुमारास, अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांचा माग काढताना हे तंत्र वापरले व पुढे तेच सुट्या भागांच्या मागणीला लावले. होल्ट यांचे टिपण १९५७ चे असून त्यात कल आणि हंगाम यांचाही विचार आहे. त्यांचे विद्यार्थी पीटर विंटर्स यांनी १९६० मध्ये ही पद्धत प्रत्यक्ष विक्रीच्या आकड्यांवर तपासली. ब्राऊन व होल्ट यांचे काम स्वतंत्र होते हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र साध्या, एकाच स्थिरांकाच्या रूपापुरता ब्राऊन यांचा मान पहिला.

उदाहरणासाठी जानेवारी ते ऑगस्टची विक्री अनुक्रमे १२०, १२६, ११४, १३२, १२९, १३८, १३५, १४७ पेट्या अशी धरू. तीन महिन्यांची चल सरासरी घेतली, तर जानेवारी ते मार्चची सरासरी १२० येते. ती कुठे लिहायची, येथेच बहुतेक उत्तरे चुकतात. कल शोधायचा असेल तर ती मधल्या महिन्यासमोर, म्हणजे फेब्रुवारीसमोर लिहितात, आणि पाठ्यपुस्तकातील कोष्टक सहसा तसेच असते. अंदाजासाठी मात्र ती एप्रिलसमोर जाते. फेब्रुवारीसमोरच्या आकड्याला अंदाज म्हटले, तर त्यात खुद्द फेब्रुवारी आणि पुढचा मार्चही मिसळलेला असतो. त्रुटी फसवी लहान दिसते.

एप्रिल ते ऑगस्टचे अंदाज १२०, १२४, १२५, १३३, १३४ येतात. प्रत्यक्षातून अंदाज वजा केला की त्रुटी १२, ५, १३, २, १३ उरतात. चिन्ह सोडून घेतलेली त्यांची सरासरी, म्हणजे सरासरी निरपेक्ष त्रुटी, ९ पेट्या.

स्मूदिंगचे सूत्र असे :

नवा अंदाज = जुना अंदाज + α × (प्रत्यक्ष विक्री − जुना अंदाज)

α हा ० ते १ मधला आकडा. तो मोठा घेतला की अंदाज ताज्या महिन्याकडे पटकन वळतो. k महिन्यांच्या चल सरासरीशी तुलना न्याय्य व्हावी म्हणून α = 2/(k+1) घेतात, कारण तेव्हा दोन्ही पद्धतींतील माहितीचे सरासरी वय सारखे होते; येथे ०.५. फेब्रुवारीचा अंदाज जानेवारीइतकाच, १२० धरला, की मार्चचा १२३, एप्रिलचा ११८.५ येतो, आणि एप्रिल ते ऑगस्टची निरपेक्ष त्रुटी सुमारे ८.८ भरते. फेब्रुवारी-मार्चच्या त्रुटी हाती असूनही त्या मोजायच्या नाहीत. तीन महिन्यांच्या सरासरीला ते महिने मिळालेलेच नाहीत, आणि वेगवेगळ्या महिन्यांवर मोजलेल्या त्रुटींची तुलना होत नाही.

८.८ आणि ९ यांतला फरक पाच महिन्यांवरून निर्णय देण्याइतका नाही. त्याहून बोलकी गोष्ट दुसरी आहे. 'मागच्या महिन्याइतकीच विक्री' एवढाच अंदाज केला तर त्रुटी १८, −३, ९, −३, १२ येतात. निरपेक्ष सरासरी पुन्हा ९. म्हणजे चल सरासरीच्या गणिताने या मोजमापावर काहीच मिळवले नाही. शिवाय तिच्या पाचही त्रुटी धन आहेत. अंदाज एकसारखा कमी पडतो, कारण विक्री दरमहा जवळपास ४ पेट्यांनी वाढते आणि तीन महिन्यांची सरासरी ज्या महिन्याचा अंदाज देते त्याच्या दोन महिने मागे असते. तेवढ्यानेच सुमारे ८ पेट्यांची तूट पडते. हा दोष α किंवा k बदलून पुरता जात नाही. कलाची वेगळी दखल घेणारी होल्ट पद्धत त्यासाठीच आहे. म्हणून निरपेक्ष त्रुटीबरोबर चिन्हासह सरासरीही लिहावी. पहिली चूक किती ते सांगते, दुसरी ती कोणत्या बाजूला.

एक्सेलमध्ये गणित करताना दोन ठिकाणी सावध राहावे. त्यातील `Damping factor` म्हणजे α नव्हे, तर 1 − α, ०.३ हवा असेल तर ०.७ टाकावा लागतो. चल सरासरीचे उत्तर तिच्यात मोजलेल्या शेवटच्या महिन्याच्या ओळीत येते, ते एक ओळ खाली सरकवल्यावरच अंदाज होतो.

हंगामी मालाला या दोन्ही साध्या पद्धती अपुऱ्या पडतात. विंटर्स पद्धत महिन्यागणिक निर्देशांक देते, पण भारतीय विक्रीत तिलाही अडचण आहे : दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात येते, आणि आधीच्या वर्षाचा निर्देशांक चुकीच्या महिन्याला लागतो. अशा मालासाठी सणाचा महिना वेगळा नोंदवून मगच अंदाज करतात.