वेबसाइटवर घेतलेले पुस्तक दुकानात परत का देता येत नसे?

एकाच नावाचे दुकान आणि वेबसाइट, पण वेबसाइटवर घेतलेली वस्तू दुकान परत घेत नाही. दुकान आणि वेबसाइट असे मार्ग वेगवेगळे चालवणाऱ्या मल्टिचॅनेल विक्रीतला हा विसंगत अनुभव आपण चटकन ढिसाळ कारभाराच्या खात्यात टाकतो. अमेरिकेत मात्र त्याचे एक मोठे कारण करकायद्यात होते.

१९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘क्विल’ खटल्यात ठरवले की, ज्या राज्यात विक्रेत्याची प्रत्यक्ष जागा किंवा माणसे नाहीत, त्या राज्याला त्याच्यावर विक्रीकर गोळा करण्याची सक्ती करता येणार नाही. खटला टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचा होता, पण पुढे फायदा झाला तो वेबसाइटना. राज्याराज्यांत दुकाने असलेल्या साखळ्यांनी ऑनलाइन विक्रीसाठी वेगळी कंपनी काढली. कागदोपत्री तिचे एकही दुकान नव्हते.

बॉर्डर्स या पुस्तकविक्रेत्या साखळीनेही तेच केले. फक्त तिच्या वेबसाइटने ग्राहकांना सांगितले होते की, इथे घेतलेले पुस्तक आमच्या दुकानात परत देता येईल. ग्राहकाच्या दृष्टीने ही साधी, रास्त सोय. कॅलिफोर्नियाच्या करखात्याने नेमके त्यावरच बोट ठेवले: दुकाने वेबसाइटचा माल परत घेतात, म्हणजे ती तिच्या वतीने काम करतात. १९९८-९९ मधील विक्रीवरचा कर मागितला गेला आणि २००५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने करखात्याची बाजू उचलून धरली. ग्राहकाला एकसंध अनुभव दिला, तर कर लागतो, असाच त्याचा व्यवहारातला अर्थ होता. माझ्या मते मल्टिचॅनेलची मर्यादा इतकी स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

‘क्विल’ निकाल २०१८ मध्ये ‘वेफेअर’ खटल्यात रद्द झाला. तोवर हे सगळे मार्ग एकमेकांना जोडणाऱ्या विक्रीसाठी ‘ऑम्निचॅनेल’ हा शब्द चांगलाच रुळला होता. पण वेगळ्या कंपनीसोबत आलेला वेगळा स्टॉक आणि वेगळा हिशेब अनेक ठिकाणी तसाच राहिला, आणि खरी अडचण तिथेच आहे.

समजा, दुकानात एका पुस्तकाची एकच प्रत आहे आणि वेबसाइटला दुकानातला साठा रोज रात्री एकदाच कळतो. सकाळी ११ वाजता ती प्रत काउंटरवर विकली जाते. दुपारी ३ वाजता कोणी वेबसाइटवर ‘उपलब्ध’ वाचून पैसे भरतो, संध्याकाळी घ्यायला येतो आणि हात हलवत परततो. यावर काही विक्रेते शेवटचे एक-दोन नग वेबसाइटवर दाखवतच नाहीत. फसगत टळते, पण असलेला माल दिसेनासा होतो.

परताव्याचेही तसेच. विक्री वेबसाइटच्या खात्यावर जमा आणि परतावा दुकानाच्या विक्रीतून वजा होत असेल, तर दुकानाचा व्यवस्थापक नियम काहीही असला तरी टाळाटाळच करणार. चॅनेल खरोखर जोडले आहेत का, हे पाहायचे असेल तर ऑनलाइन घेतलेली वस्तू दुकानात परत द्यावी आणि ती रक्कम कोणाच्या खात्यातून वजा होते, ते विचारावे.